सतरा गोळ्या, पाच मित्र आणि उरलेल्या दोन

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. १७ भागिले ५ हे गणित वहीत बरोबर सोडवतो, भागाकार ३, बाकी २. पण रविवारी त्याचे पाच मित्र घरी आले तेव्हा १७ गोळ्या वाटायला दिल्या, तर तीन-तीन देऊन झाल्यावर उरलेल्या दोन हातात धरून उभाच राहिला. शेवटी ज्यांनी आधी हात पुढे केला त्यांना दिल्या आणि रडारड झाली. उरलेल्या दोनांचं काय करायचं हे मुलांना कसं शिकवायचं?

उत्तर:

आधी मुलाला एवढंच विचारा, "या वाटणीत तू होतास का?" तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की मित्र पाच आणि तो सहावा. सगळ्यांना गोळ्या मिळाल्या आणि वाटणाऱ्याला काहीच नाही, असं झालं असेल तर तो दोन गोळ्या धरून का उभा राहिला याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. त्याला धरून सहा जण झाले की प्रत्येकी दोन मिळतात आणि पाच उरतात. म्हणजे गणितच बदललं. मी २३ वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवते आहे. वाटणीच्या गणितात मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती याच जागी, आणि ते चुकीच्या पाढ्यात शोधलं जातं. "मला धरून की मला सोडून?" हा प्रश्न मुलानं स्वतः विचारावा, वाटायला सुरुवात करण्याआधी. वर्गात मी गोळ्यांची पिशवी हातात धरून थांबते आणि हा प्रश्न येईपर्यंत सोडत नाही. पहिल्या दिवशी बराच वेळ जातो, तिसऱ्या दिवसापासून पिशवी बाहेर काढायच्या आतच कुणीतरी विचारतं.

आपण तुमच्या रविवारचीच गोष्ट धरू, तो वाटणारा आणि पाच मित्र.

वहीत "३ बाकी २" बरोबर येतं म्हणजे भागाकार कळला असं समजू नका. पाच त्रिक पंधरा पाठ असेल तर उत्तर येतंच. कळलं आहे का हे पाहायला पाच वाट्या मांडा आणि १७ चिंचोके द्या. पाढा म्हणायचा नाही, एकेका वाटीत एकेक टाकत फेरी मारायची. पहिली फेरी झाली की हातात १२ राहतात, दुसरीनंतर ७, तिसरीनंतर २. प्रत्येक फेरीनंतर थांबवून एकच प्रश्न विचारायचा, "अजून एक फेरी होईल का?" सातावर होईल, कारण सातात पाच आहेत. दोनावर होणार नाही. बाकी म्हणजे काय ते मुलाला इथे हाताला कळतं: पुढची फेरी पुरी होत नाही म्हणून जे हातात राहिलं ते. जी मुलं वहीत "भागाकार २, बाकी ७" लिहितात ती खरं तर एक फेरी आधी थांबलेली असतात. त्यांना "बाकी भाजकापेक्षा लहान पाहिजे" हा नियम सांगून फार उपयोग होत नाही, पण "या सातात अजून एक फेरी आहे का बघ" म्हटलं की ती स्वतःच दुरुस्त करतात. तुमच्या मुलाची परीक्षा घ्यायची असेल तर विचारा, "पाच जणांत वाटलं आणि सहा उरले, असं होऊ शकतं का?" तो नियम आठवायला लागला तर वाट्या परत काढा. "सहा कसे उरतील, अजून एकेक देता येईल की" असं म्हणाला तर त्याला कळलं आहे.

या टप्प्यावर काही मुलं ४, ४, ४, ४, १ अशी वाटणी करतात. हातात काही उरवायचं नाही एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. काही जण ४, ४, ३, ३, ३ करतात. बेरीज दोन्हींची सतराच. त्यांना चूक म्हणू नका, पण पाचवी वाटी त्यांच्याच पुढे ठेवा आणि "ही तुझी" म्हणा. सगळ्यांना सारखं हवं ही अट आपण तोंडी सांगत राहतो, पण एक गोळी असलेली वाटी स्वतःकडे आली की ती अट मूल स्वतःच मागतं.

आता तुमचा खरा प्रश्न, उरलेल्या दोन. इथे गणिताचं पुस्तक "बाकी २" लिहून पान उलटतं, आणि घरात मात्र भांडण तिथूनच सुरू होतं. मी शिकवताना दोन वेगवेगळे दिवस घेते. पहिल्या दिवशी लिमलेटच्या गोळ्या, ज्या कापता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी वड्या, ज्या कापता येतात. एकाच दिवशी दोन्ही आणलं तर मुलं सरळ कापायच्या मागे लागतात आणि पहिल्या दिवशीचा विचार राहून जातो.

गोळ्यांच्या दिवशी मुलांकडून काय काय येतं ते सांगते. सगळ्यात आधी येतं, "बाई, तुम्ही घ्या." मग, "टाकून द्या, म्हणजे कुणालाच नको." हे ऐकून मोठ्यांना धक्का बसतो, पण सहा ते आठ वर्षांच्या मुलांचं हे वागणं संशोधकांनीही पाहिलं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना सांगितलं होतं की दोन मुलांनी मिळून खोली आवरली, त्यांना बक्षीस म्हणून खोडरबर द्यायचे आहेत, पण ते पाच आहेत. दोघांना दोन-दोन दिल्यावर उरलेला पाचवा एकाला देण्यापेक्षा कचऱ्यात टाकणं या वयाच्या मुलांनी पसंत केलं. एकानं जास्त काम केलं होतं असं सांगितलं की मात्र पाचवा त्याला द्यायला ती तयार होती. म्हणजे तुमचा मुलगा उभा राहिला तो गोंधळून नव्हे. कुणाला का द्यायची याचं कारण त्याच्याकडे नव्हतं, आणि कारणाशिवाय द्यायला त्याचं मन तयार नव्हतं. मग हात पुढे करणाऱ्यांनी ते कारण स्वतःच ठरवलं.

म्हणून बाकीचं काय करायचं ते वाटायच्या आधी ठरवून घ्यावं. हे ऐकायला साधं आहे, पण त्यातच गणित आहे, कारण आधी ठरवायचं तर आधी बाकी किती येणार हे काढावं लागतं. "सतरा आहेत, पाच जण आहेत, किती उरतील?" असं विचारलं की मूल पहिल्यांदाच बाकी हा आकडा कामाचा म्हणून काढतं. दोन उरणार आहेत हे ठरलं की चिठ्ठ्या टाकायच्या, की आजी-आजोबांना द्यायच्या, की दुकानातून आणखी तीन आणून वीस करायच्या, ते पाचही जण मिळून ठरवतात. आणखी तीन आणणं हे उत्तर आलं तर त्या मुलाला नक्की शाबासकी द्या. दोन जास्त आहेत हे सगळ्यांना दिसतं, तीन कमी आहेत हे पाहायला पुढची फेरी डोळ्यांसमोर आणावी लागते.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा मार्ग पाळीचा. एका वर्षी आमच्या वर्गात पाच जणांचा गट होता आणि त्यांना मी सोमवार ते शुक्रवार रोज १७ चिंचोके देत असे, आठवड्याच्या शेवटी त्यांच्या बदल्यात खाऊ. रोज प्रत्येकाला तीन आणि वरचे दोन पाळीनं. मुलांना आपण अ, आ, इ, ई, उ म्हणू. सोमवारी वरचे दोन अ आणि आ यांना. मंगळवारी इ आणि ई यांना. बुधवारी उ एकटाच राहिला होता, तेव्हा एक उ ला आणि दुसरा परत अ ला. इथे गटात कुरकुर झाली, "अ ला दुसऱ्यांदा कसा?" मी काही बोलले नाही, फक्त फळ्यावर पाच नावांपुढे रेघा मारत राहिले. गुरुवारी आ आणि इ, शुक्रवारी ई आणि उ. शुक्रवारी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन-दोन रेघा होत्या. मुलं बराच वेळ त्या रेघांकडे बघत होती. मग एकीनं प्रत्येकाचे चिंचोके मोजायला घेतले: पाच दिवस तीन-तीन म्हणजे पंधरा, वरचे दोन, सतरा. "बाई, प्रत्येकाला सतरा! एका दिवशीचे सगळे!" पाच दिवसांचे सतरा-सतरा म्हणजे ८५, ते पाच जणांत वाटले की सतराच येणार, हे आपल्याला मोठेपणी सरळ वाटतं. पण रोज दोन उरत होते आणि पाचव्या दिवशी काहीच उरलं नाही, हे त्या मुलीनं स्वतः शोधलं होतं. मला ते शिकवावं लागलं नाही, आणि तो आठवडा मी अजून विसरलेले नाही.

पाळीत एक अडचण येते ती सांगून ठेवते. मधल्या दिवशी कुणी गैरहजर राहिलं की त्या दिवशी चार जण आणि १७, म्हणजे बाकी १. पाळी कुठून पुढे न्यायची यावर वाद होतो. त्यासाठी पाळी वाराप्रमाणे लावू नका, नावांच्या रांगेप्रमाणे लावा आणि काल शेवटी ज्याला दिलं त्याच्यापुढे टिंब द्या. आज त्याच्या पुढच्यापासून सुरू. रांगेत गैरहजर मुलाचं नाव आलं तर त्याचं काय, हे पुन्हा मुलांनीच ठरवावं.

आता कापायचा दिवस. पेढा घेऊ नका, तो चुरतो आणि मग तुकडे सारखे आहेत का यावरच वेळ जातो. चिक्की हवी तिथे मोडत नाही. गुळपापडीची वडी चांगली, मऊ असते आणि पट्टीच्या कडेनंही कापली जाते. पाच सेंटीमीटर लांबीच्या वड्या पाडून घ्या. पाचच का ते पुढे कळेल.

सुरुवातीला मोजमाप सांगू नका. दोन वड्या आणि पाच जण, सगळ्यांना सारखं, एवढंच सांगा आणि बघत बसा. जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्यांदा अर्ध्यावर कापतं. दोन वड्यांचे चार अर्धे झाले, मुलं पाच, एक कमी. मग ते अर्ध्यांचे पुन्हा अर्धे करतात. आठ पाव झाले, पाच वाटले, तीन पाव उरले. त्या तिन्हींचे पुन्हा अर्धे, सहा तुकडे, पाच वाटले, एक उरला. हा उरलेला तुकडा म्हणजे वडीचा आठवा भाग, जुन्या मापातला अदपाव. आता बहुतेक मुलं तो तोंडात टाकून मोकळी होतात. पण एखादं मूल चिवट असतं. तसं असेल तर वडी बाजूला ठेवून कागदाच्या ३२ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या घ्या आणि तेच पुन्हा करा. प्रत्येकाला ८ सेंटीमीटरचा पाव मिळतो, ४ सेंटीमीटरचा अदपाव मिळतो, आणि ४ सेंटीमीटरचा एक तुकडा उरतो. त्याचे दोन, चार करून भागत नाही, आठ केले की अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे होतात. पाच वाटले, तीन उरले. मघाशी पावाचे तीन उरले होते, आता या बारीक तुकड्यांचे तीन. परत तेच चक्र. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की पाच जणांत दोन वड्या कधीच पुऱ्या वाटल्या जात नाहीत, दर वेळी काहीतरी उरतंच.

मुलं अर्ध्यावरच का जातात याचं एक कारण आपल्या बोलण्यात आहे असं मला वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांच्या कानावर घरातच पडलेले असतात. आधीच्या पिढ्यांनी तर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली. हे सगळे शब्द अर्ध्याच्या आणि अर्ध्याच्या अर्ध्याच्या घरातले आहेत. पाचव्या भागाला आपल्याकडे घरगुती शब्द नाही, पंचमांश हा शब्द पुस्तकात भेटतो. म्हणून मी वर्गात आधी "पाचवा हिस्सा" म्हणते. "पंचमांश" नंतर, लिहायच्या वेळी.

एक तिसरीही वाट आहे, क्वचित एखादं मूल ती घेतं. दोन वड्यांचे तीन-तीन भाग केले, सहा तुकडे झाले. पाच वाटले, एक उरला. त्या एकाचे पाच केले आणि सगळ्यांना दिले. संपलं, काही उरलं नाही. प्रत्येकाला वडीचा तिसरा भाग आणि पंधरावा भाग मिळाला. इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरस या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात दोन पंचमांश हा अपूर्णांक नेमका असाच, एक तृतीयांश अधिक एक पंधरांश म्हणून दिलेला आहे. आपल्या समोरचं मूल तसं कापत असेल तर त्याला मधेच "असं नाही, पाच-पाच तुकडे कर" म्हणून अडवू नका.

हे सगळं झाल्यावर मग पट्टी काढायची. दोन्ही वड्या टोकाला टोक लावून ठेवा, दहा सेंटीमीटर लांबी झाली. पाच जणांना प्रत्येकी दोन सेंटीमीटर. कापताना गंमत दिसते: मधल्या मुलाच्या वाट्याला एका वडीतला एक सेंटीमीटर आणि दुसरीतला एक येतो. नाहीतर प्रत्येक वडीचे एक-एक सेंटीमीटरचे पाच तुकडे करा आणि प्रत्येकाला दोन्हींतला एकेक द्या. दोन्ही रीतींनी वाटा सारखाच येतो, हे तुकडे शेजारी ठेवून दाखवा.

इथे एक चूक हमखास होते. मूल मोजतं, एकूण तुकडे दहा, मला मिळाले दोन, म्हणून २/१०. त्याचं मोजणं चुकलेलं नाही. दोन वड्या मिळून जे होतं त्याचे ते खरंच २/१० आहेत. पण आपल्याला वाटा सांगायचा आहे वडीत, आणि एका वडीचे तुकडे पाच. "तुझे दोन तुकडे या एका अख्ख्या वडीवर ठेवून दाखव, किती वडी झाकली?" असं विचारा. पाचांतले दोन झाकले जातात, २/५. मग प्रत्येकाला एकूण काय मिळालं ते त्याच्याकडून बोलून घ्या: तीन अख्ख्या आणि वर पाचांतले दोन भाग. तिसरीत हे बोलता आलं तरी खूप झालं, लिहायची घाई नको.

मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर काढून बघण्याचा मोह मुलांना होतोच. त्यावर 17 ÷ 5 केलं की 3.4 येतं, आणि मुलं म्हणतात बाकी चार. असं झालं तर विचारा, त्या चारचे चार काय? चार गोळ्या तर उरल्या नव्हत्या. प्रत्येकाच्या वाट्याला आलेले ते वडीचे चार दशांश आहेत. तुमच्या पट्टीवर पाच सेंटीमीटरची वडी आहे, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरवर खुणा करा, दहा घरं होतील. वाट्याचे दोन सेंटीमीटर म्हणजे त्यातली चार घरं. पण हे चौथी-पाचवीचं काम, आत्ता मुलानं विचारलं तरच करा.

शेवटी एकदा हाच भागाकार गोळ्यांशिवाय करून बघा, कारण बाकीचं काय होतं ते प्रश्नावर ठरतं. १७ पाहुणे आहेत, एका गाडीत पाच बसतात, गाड्या किती? तीन आणि बाकी दोन म्हणून चालत नाही, त्या दोघांसाठी चौथी गाडी लागते. तुझ्याकडे १७ रुपये आहेत, वही पाच रुपयांची, किती येतील? तीनच, उरलेले दोन रुपये खिशात. तिसरीतल्या मुलाला हे जमायला वेळ लागतो यात काळजीचं काही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की ११२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, बस किती लागतील? बहुतेकांचा भागाकार बरोबर होता, पण बरोबर उत्तर, ३२ बस, फक्त २३ टक्के मुलांनी दिलं. २९ टक्के मुलांनी "३१ बाकी १२" लिहिलं. बसची बाकी म्हणजे रस्त्यावर उभी राहिलेली बारा माणसं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं नाही. तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्या दोन गोळ्या आल्या, म्हणूनच तो थांबला.

आता तुमच्या घरचं. तेच पाच मित्र पुढच्या रविवारी येणार असतील तर गेल्या वेळी कुणाला चार मिळाल्या आणि कुणाला तीन, ते मुलाला कागदावर लिहायला सांगा. दोघांच्या चार-चार, तिघांच्या तीन-तीन. मग त्याला विचारा की या वेळी किती गोळ्या आणल्या म्हणजे सगळ्यांना सारख्या वाटून नेमक्या तीन उरतील, ज्या त्या तिघांना देता येतील. वाट्या आणि चिंचोके समोर ठेवा, आणि तुम्ही आकडा सांगू नका. तेरा म्हणेल, अठरा म्हणेल, तेवीस म्हणेल, सगळी बरोबर. अठरा म्हणाला तर दोन रविवार मिळून प्रत्येकाच्या सात होतात का, ते वाटायच्या आधी कागदावर त्यालाच मोजू द्या.